पुण्यातून दुबई-अबुधाबीच्या नोकरीसाठी डिग्री अटेस्टेशन: कुठला शिक्का आधी, कुठला नंतर आणि का

मी एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे, चाकणच्या प्लांटमधून आखातात जाणाऱ्या लोकांची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे नातेवाइकांचे, जुन्या कॉलेजच्या ग्रुपमधल्यांचे फोन पण मलाच येतात आणि प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो, "ऑफर लेटर आलंय, अटेस्टेड डिग्री मागतायत, कुठून सुरू करू?" म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. सगळे देश एकत्र घेतले की गोंधळ होतो म्हणून मी फक्त एकच केस धरलीये, ती म्हणजे पुणे विद्यापीठाची डिग्री आणि नोकरी यूएईत. बाकी देशांचं जिथे वेगळं आहे तिथे तेवढं सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, ती बसली की क्रम पाठ करावा लागत नाही. यातला कुठलाच सरकारी माणूस तुमची इंजिनिअरिंगची परीक्षा खरी की खोटी ते स्वतः तपासत नाही. विद्यापीठ सोडलं तर बाकी सगळे फक्त आपल्या आधीच्या माणसाची सही ओळखतात. विद्यापीठ म्हणतं की ही डिग्री आमचीच आहे, मुंबईला मंत्रालयातलं उच्च व तंत्रशिक्षण खातं म्हणतं की विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची ही सही खरी आहे, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय म्हणतं की महाराष्ट्राच्या त्या अधिकाऱ्याची सही खरी आहे, यूएईची वकिलात म्हणते की परराष्ट्र मंत्रालयाची सही खरी आहे, आणि शेवटी यूएईतलं त्यांचं परराष्ट्र खातं, ज्याला सगळे मोफा म्हणतात, ते म्हणतं की आमच्या भारतातल्या वकिलातीची सही खरी आहे. प्रत्येकाकडे आधीच्या कार्यालयातल्या ठरावीक अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने ठेवलेले असतात, त्यांच्याशी ताडून बघतात आणि शिक्का मारतात. म्हणून मधली एक पायरी गाळून पुढे गेलात तर पुढचा माणूस कागद परत करतो, त्यात त्याचा काही आडमुठेपणा नसतो, त्याच्याकडे ताडायला नमुनाच नसतो.

देश कुठला हे आधी बघा

यूएई अपोस्टिलच्या करारात नाहीये, म्हणून वरची सगळी लांब साखळी करावी लागते. तो हेगचा करार 1961 चा, भारत त्यात 2005 साली आला. करारातल्या देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल स्टिकर लागलं की वकिलातीत जायची गरज उरत नाही. आखातातल्यापैकी ओमान 2012 पासून आणि बहारीन 2013 च्या अखेरीपासून त्यात आहे, सौदी अरेबियामध्ये करार डिसेंबर 2022 पासून लागू झाला. ही सौदीची गोष्ट अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, जुने लोक अजूनही "सौदीला एम्बसी लागतेच" असं सांगतात आणि एजंट त्याचे पैसेही लावतात. तेव्हा कंपनी सौदीतली असेल तर आधी त्यांना विचारा की अपोस्टिल चालतं ना, आणि उत्तर मेलवर घ्या.

मेलवर आणखी दोन प्रश्न विचारून घ्या. कुठली कुठली कागदपत्रं अटेस्ट करून हवीत, आणि राज्याच्या शिक्षण खात्याचाच शिक्का लागतो की एसडीएमचा, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा चालेल. पहिला प्रश्न यासाठी की लोक घाबरून दहावीपासून सगळं अटेस्ट करायला काढतात, आणि यूएईच्या बहुतेक इंजिनिअरिंग नोकऱ्यांना फक्त सगळ्यात वरची डिग्री लागते. मार्कशीट विद्यापीठात आणि मंत्रालयात दाखवायला लागतात पण प्रत्येक मार्कशीटवर वकिलातीपर्यंतचे शिक्के मारून घ्यायचे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही फुकट. दुसऱ्या प्रश्नाकडे पुढे येते.

निघायच्या आधी घरातलं कपाट उघडा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मावसभावाचं उदाहरण घेते, कारण त्याच्या एकट्याच्या केसमध्ये यातलं बरंच काही निघालं. तो मेकॅनिकल इंजिनिअर, कॉलेज पिंपरी-चिंचवडमधलं, पण डिग्री पुणे विद्यापीठाची. अबुधाबीची ऑफर आली, त्यांच्या पीआरओने, म्हणजे कंपनीची तिकडची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाने, साठ दिवसांत अटेस्टेड डिग्री मागितली आणि हा मला म्हणाला, "ताई, सगळं आहे माझ्याकडे, फाइल तयार आहे." फाइल उघडली तर आत पासिंग सर्टिफिकेट.

पासिंग सर्टिफिकेट म्हणजे डिग्री सर्टिफिकेट नाही, हे आपल्याकडे भरपूर लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण पुण्यात नोकरी करताना कधी अडत नाही. निकालानंतर कॉलेजमधून मार्कशीट आणि पासिंग मिळतं, कॅम्पसमधून जॉब लागतो आणि पदवीप्रदानाचा अर्ज राहून जातो. परदेशी अटेस्टेशनला मात्र पदवी प्रमाणपत्रच लागतं, ते विद्यापीठाकडे अर्ज आणि फी भरल्याशिवाय आपोआप घरी येत नाही, आणि जितकी वर्षं उलटली तितका हा प्रकार लांबतो. तेव्हा बाहेर जायचा नुसता विचार असेल तरी, ऑफर हातात नसली तरी, डिग्री सर्टिफिकेट काढून ठेवा. मावसभावाचं नशीब की त्याने कधीतरी अर्ज केलेला होता आणि डिग्री आईकडे गावाला होती.

ती आली, तर लॅमिनेट केलेली. आपल्या आईवडिलांनी प्रेमाने केलेलं असतं ते, पण शिक्के आणि स्टिकर सगळे मूळ कागदाच्या मागच्या बाजूला लागतात आणि प्लॅस्टिकवर कोणीच शिक्का मारत नाही. लॅमिनेशन काढता येतं, पण घरी इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने प्रयोग करू नका, शाई प्लॅस्टिकला चिकटून निघते आणि मग नाव अर्धवट राहतं. हे काम करणारे लोक आहेत, त्यांच्याकडून काढा, आणि आधी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन करून ठेवा. कागद खराब झालाच तर विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढावी लागते आणि ते वेगळं लांबलचक काम आहे.

तिसरी गोष्ट नाव. आपल्या विद्यापीठाच्या कागदांवर नाव आडनावापासून सुरू होतं, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि स्वतःचं व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. नुसता क्रम उलटा असला तर सहसा अडत नाही. अडतं ते स्पेलिंगमुळे, म्हणजे डिग्रीवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगचं आणि पासपोर्टवर दुसऱ्या, किंवा पासपोर्टवर वडिलांचं नाव टाकलंच नाही आणि तिकडच्या सिस्टिमला दोन वेगळी माणसं वाटतात. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्या मुलींचं तर हे हमखास होतं, डिग्री माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या. त्यांनी डिग्रीवरचं नाव बदलायच्या मागे लागू नये, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत अटेस्ट करून घ्यावं, जोडणारा पुरावा तोच. आणि ते प्रमाणपत्र सरकारी विवाह निबंधकाचं हवं, कार्यालयात गुरुजींनी किंवा मंडळाने दिलेलं चालत नाही.

पहिला शिक्का: विद्यापीठ

डिग्री ज्या विद्यापीठाने दिली तिथे जायचं, तुम्ही आता कुठे राहता याचा काही संबंध नाही. कोथरूडमध्ये राहता पण शिकलात कोल्हापूरला, तर शिवाजी विद्यापीठ. कर्नाटकातून डिग्री घेतली असेल तर विद्यापीठही तिथलं आणि राज्याचं खातंही कर्नाटकचंच, मंत्रालयात मुंबईला तुमचा कागद कोणी हातात घेणार नाही. आणि कॉलेजचं नाव बघू नका, डिग्रीच्या वरच्या बाजूला कुठलं विद्यापीठ लिहिलंय ते बघा. सीओईपीचे लोक इथे अडखळतात, सीओईपी स्वतः विद्यापीठ झालं 2022 मध्ये, त्याआधीच्या बॅचेसच्या डिग्र्या पुणे विद्यापीठाच्या आहेत, तेव्हा त्यांचं काम गणेशखिंडलाच होतं. सिंबायोसिस, भारती विद्यापीठ वगैरे अभिमत विद्यापीठांच्या डिग्र्या त्यांच्या त्यांच्या परीक्षा विभागातून तपासून घ्यायच्या. डिग्रीवर नुसतं पुणे विद्यापीठ लिहिलंय आणि सावित्रीबाई फुले हे नाव नाहीये म्हणून घाबरू नका, ते नाव 2014 साली आलं, त्याआधीच्या डिग्र्या जशाच्या तशा चालतात.

विद्यापीठात तीन सेवा अशा आहेत की नावं सारखी वाटतात आणि लोक चुकीचा अर्ज भरून बसतात. एक ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचे मार्क एकत्र करून दिलेला कागद, तो पुढच्या शिक्षणाला किंवा कॅनडासारख्या देशांच्या मूल्यमापनाला लागतो. दुसरं, कंपनी किंवा तिची एजन्सी विद्यापीठाला परस्पर विचारते की हा विद्यार्थी तुमचाच का, आणि विद्यापीठ त्यांना उत्तर देतं, हे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. तिसरं म्हणजे तुमचं मूळ प्रमाणपत्र रेकॉर्डशी ताडून त्यावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का करून देणं, आणि आपल्याला हवं ते हे तिसरं. अर्ज करताना हे परदेशी नोकरीसाठी, मंत्रालयातल्या अटेस्टेशनसाठी हवंय असं स्पष्ट सांगा, कारण दुसऱ्या प्रकारात नुसतं पत्र किंवा मेल जातो, तुमच्या मूळ कागदावर काहीच उमटत नाही आणि मंत्रालयात मग ताडून बघायला सहीच नसते.

सोबत मूळ डिग्री, सगळ्या वर्षांच्या किंवा सेमिस्टरच्या मूळ मार्कशीट, या सगळ्याच्या झेरॉक्स आणि पासपोर्टची कॉपी ठेवा. एखादी मार्कशीट हरवली असेल तर आधी तिची दुय्यम प्रत काढा, कारण विद्यापीठात रेकॉर्ड सीट नंबरवरून शोधतात आणि एटीकेटी लागलेली असेल तर त्या प्रयत्नाची मार्कशीट पण बघायला मागतात. मावसभावाचा इथेच एक आठवडा गेला, तिसऱ्या वर्षाच्या एका विषयाची ऑक्टोबरमधली मार्कशीट फाइलमध्ये नव्हती, शेवटी ती जुन्या कंपनीच्या जॉइनिंगच्या पाकिटात सापडली.

सही-शिक्का झाल्यावर काउंटरवरून हलायच्या आधी कागद उलटा करून वाचा. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख आणि गोल शिक्का, सगळं वाचता येतंय का बघा. शिक्का फिका उमटला असेल तर तिथल्या तिथे सांगा, दुसरा मारून घ्या, कारण पुढचा माणूस तोच शिक्का ताडून बघणार आहे. फीची पावती जपून ठेवा, ती का ते पुढे सांगते.

दुसरा शिक्का: मुंबई, मंत्रालय

यालाच सगळे एचआरडी अटेस्टेशन म्हणतात. महाराष्ट्रात डिग्रीसाठी ते मंत्रालयातल्या उच्च व तंत्रशिक्षण विभागात होतं, पुण्यात कुठेही होत नाही, सेंट्रल बिल्डिंगमध्ये शिक्षण खात्याची कार्यालयं आहेत म्हणून तिथे चकरा मारू नका. स्वतः जाणार असाल तर सकाळची गाडी पकडून जा, मंत्रालयात आत जायला पास लागतो आणि त्यासाठी मूळ ओळखपत्र जवळ हवं, तेव्हा आधार किंवा पासपोर्ट विसरलात तर गेटवरूनच परत याल. निघण्याआधी विभागाची अर्ज घेण्याची वेळ आणि पद्धत बघून घ्या, जमा करायच्या आणि परत मिळायच्या वेळा वेगळ्या असतात. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल तर सहीचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या कॉपी द्या.

दहावी-बारावीचे कागद लागणार असतील तर त्यांना विद्यापीठाच्या जागी बोर्ड, म्हणजे पुणे विभागाचे असतील तर शिवाजीनगरच्या बोर्डाकडून आधी पडताळणी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर तंत्रशिक्षण मंडळ, आणि त्याचं मुख्य कार्यालय वांद्र्याला. आणि विवाह, जन्म असले खासगी दाखले मंत्रालयातच जातात पण शिक्षण खात्यात नाही, त्यांचा विभाग वेगळा. बायको-मुलांना पण न्यायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले याच फेरीत पुढे सरकवा, नाहीतर तुमचा व्हिसा झाल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

एसडीएमचा रस्ता

एजंटकडे गेलात की तो पहिल्या वाक्यात सांगेल की विद्यापीठ आणि मुंबई कशाला, दिल्लीच्या एसडीएमचा शिक्का घेऊन चार दिवसांत परराष्ट्र मंत्रालय करून देतो. हे बेकायदेशीर नाहीये, परराष्ट्र मंत्रालय एसडीएमची सही बऱ्याच कागदांवर स्वीकारतं. पण एसडीएमच्या शिक्क्यामागे विद्यापीठाने केलेली तपासणी नसते, आणि म्हणूनच काही देशांच्या वकिलाती आणि बऱ्याच कंपन्या शैक्षणिक कागदांसाठी तो मान्य करत नाहीत. वरचा दुसरा प्रश्न याचसाठी विचारायचा. माझं मत विचाराल तर नोकरीच्या डिग्रीसाठी हा रस्ता घेऊच नका, आज एका कंपनीला चालला आणि दोन वर्षांनी नोकरी बदलताना दुसरीला नाही चालला तर त्याच डिग्रीवर पुन्हा विद्यापीठापासून सगळं करावं लागतं आणि तेव्हा तुम्ही तिकडे आणि डिग्रीवर सह्या इकडे हव्यात.

तिसरा: परराष्ट्र मंत्रालय

इथे सामान्य माणसाकडून थेट कागद घेत नाहीत, 2012 पासून मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सींच्या काउंटरवर जमा करायचे असतात. दिल्लीला पाठवायचीच गरज आहे असं नाही, 2019 पासून हे काम देशातल्या इतर शहरांतही होतं आणि त्यात मुंबई आहे. नेमलेल्या एजन्सींची यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर असते, ती बघूनच जा, कारण बाहेर बोर्ड लावलेले बहुतेक लोक त्या यादीत नसतात, ते तुमचा कागद घेऊन त्याच काउंटरवर जातात आणि मधलं कमिशन घेतात.

अर्जात एक निवड नीट करायची आहे. अपोस्टिल आणि साधं अटेस्टेशन हे दोन वेगळे प्रकार. यूएईसाठी साधं अटेस्टेशन, ओमान-बहारीन-सौदीसाठी अपोस्टिल. मंत्रालयाची फी बघाल तर अपोस्टिलला एका कागदाला 50 रुपये आणि साध्या अटेस्टेशनला काहीच नाही, वर एजन्सीचा ठरलेला सेवाआकार. हा आकडा लक्षात ठेवा म्हणजे कोणी "एमईएची सरकारी फी" म्हणून तुम्हाला दोन-तीन हजार सांगितले की त्यातलं किती सरकारचं आणि किती त्याचं ते कळेल. एजंट लावू नका असं मी म्हणत नाही, सुट्टी मिळत नाही तेव्हा लावावाच लागतो, पण पावत्या वेगळ्या मागा.

इ-सनद नावाची ऑनलाइन सोय पण आहे, ज्यात कागद देणारी संस्थाच ऑनलाइन पडताळणी करते. तुमचं विद्यापीठ किंवा बोर्ड तिथल्या यादीत दिसत असेल तरच तिचा उपयोग, तेव्हा आधी तिथे शोधा आणि नसेल तर त्यात वेळ घालवू नका.

चौथा आणि पाचवा: वकिलात आणि मोफा

यूएईचा दूतावास दिल्लीला आहे आणि वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, आपल्याला मुंबई सोयीची. भारतातल्या पायऱ्यांमध्ये सरकारी फी इथेच सगळ्यात मोठी, प्रत्येक कागदामागे वेगळी, म्हणूनच नको असलेले कागद इथपर्यंत आणू नका असं मी सुरुवातीला म्हटलं. अर्जावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आणि कागदाचा प्रकार, म्हणजे शैक्षणिक की खासगी, बरोबर भरा.

मोफाची पायरी यूएईची, तिथे एका वैयक्तिक कागदाला 150 दिऱ्हम. बऱ्याच कंपन्यांचा पीआरओ ती स्वतः करून घेतो, तेव्हा पैसे कोण भरणार ते विचारून ठेवा. आणि लक्षात घ्या, भारतातली वकिलातीची सही झाली म्हणजे काम संपलं असं नाही, कुशल पदाचं वर्क परमिट काढताना तिकडचं कामगार खातं मोफाचा शिक्का झालेली डिग्री बघतं.

अटेस्टेशन म्हणजे समकक्षता नाही हेही इथेच सांगते. शिक्षक, डॉक्टर, नर्स, काही ठिकाणी इंजिनिअर, आणि सरकारी नोकऱ्या यांना अटेस्टेड डिग्रीवर पुन्हा तिकडच्या शिक्षण खात्याची मान्यता लागते, आणि तिथे शिकण्याची पद्धत विचारतात, रोज कॉलेजला जाऊन की पत्राने. मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीवर सगळे शिक्के लागू शकतात, पण मान्यतेच्या टेबलावर ती अडकू शकते. वैद्यकीय लोकांना डेटाफ्लोची पडताळणी वेगळी करावी लागते, ती एजन्सी थेट विद्यापीठाला आणि कौन्सिलला विचारते, ती या शिक्क्यांच्या बदल्यात चालत नाही आणि हे शिक्के तिच्या बदल्यात चालत नाहीत.

कागद हातात आल्यावर कसा तपासायचा

हे मी प्रत्येकाला करायला लावते. डिग्री उलटी करून टेबलावर ठेवा आणि फक्त तारखा वाचा. विद्यापीठाची तारीख सगळ्यात आधीची, मग मंत्रालयाची, मग परराष्ट्र मंत्रालयाची, मग वकिलातीची, याच क्रमाने पुढे जायला हव्यात. एका मुलाची डिग्री माझ्याकडे आली होती, एजंटकडून केलेली, त्यावर मंत्रालयाच्या शिक्क्याची तारीख विद्यापीठाच्या शिक्क्याच्या पाच दिवस आधीची होती. विद्यापीठाने सही करायच्या आधीच त्या सहीची पडताळणी कशी होईल? विद्यापीठाच्या फीची पावती मागितली तर एजंटकडे नव्हती, आम्ही परीक्षा विभागात विचारलं तर त्या अर्जाची नोंदच नव्हती. म्हणजे पहिला शिक्का खोटा, आणि त्यावर मारलेले बाकीचेही बिनकामाचे. हे इथे सापडलं म्हणून निभावलं. हीच गोष्ट यूएईत सापडली असती तर तो बनावट कागदपत्रांचा गुन्हा धरला जातो आणि एजंट तिथे नसतो, पासपोर्ट तुमचा असतो.

म्हणून पावती. विद्यापीठाची पावती हाच पुरावा की तुमचा कागद खरंच त्या काउंटरवरून गेला. एजंटला काम देतानाच सांगा की विद्यापीठाची पावती आणि एजन्सीच्या जमा-पावतीचा फोटो पाठवल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही, जो खरं काम करतो त्याला यात अडचण नसते. अपोस्टिल केलं असेल तर स्टिकरवरचा नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघता येतो, तो टाका आणि नाव जुळतंय का बघा.

वेळेचं म्हणाल तर मावसभावाचं सगळं धरून पावणेदोन महिने गेले. त्यातले जवळजवळ तीन आठवडे डिग्री गावाहून आणणं, लॅमिनेशन काढणं आणि ती मार्कशीट शोधणं यात, विद्यापीठात साधारण दोन आठवडे, मंत्रालयात एक, आणि परराष्ट्र मंत्रालय व वकिलात मिळून आणखी दोन. पीआरओच्या साठ दिवसांत बसलं, पण गणपतीत ऑफर आली असती तर बसलं नसतं, कारण सुट्ट्या आणि मंत्रालयातली गर्दी दोन्ही एकदम येतात. कंपनीला पहिल्याच मेलमध्ये विद्यापीठाच्या अर्जाची पावती जोडून पाठवा, काम चालू आहे हे दिसलं की ते मुदतवाढ द्यायला फारसे कुरकुरत नाहीत.

एकदा सगळे शिक्के झाले की दोन्ही बाजूंचा स्कॅन करून स्वतःच्या मेलवर ठेवा, आणि मूळ डिग्री कंपनीकडे जमा करून ठेवू नका, पीआरओला दाखवायला द्या आणि परत घ्या. यूएईत नोकरी बदलली तरी याच शिक्क्यांवर पुढचं परमिट निघतं, पुन्हा करायची गरज नाही. उद्या कतार किंवा कुवेतला गेलात तर विद्यापीठ, मंत्रालय आणि परराष्ट्र मंत्रालय यांचे शिक्के तेच राहतात, फक्त त्या देशाच्या वकिलातीची आणि तिथल्या खात्याची पायरी नव्याने. ओमान किंवा सौदी असेल तर विद्यापीठ आणि मंत्रालयाचे शिक्के तसेच ठेवून परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल तेवढं घ्यायचं, आणि त्यासाठी डिग्रीच्या मागे थोडी मोकळी जागा शिल्लक असलेली बरी, तेव्हा मधल्या कुणाला तिथे पेन्सिलने नंबर टाकू देऊ नका किंवा पिन मारू देऊ नका.